दिवाळीचा बॉक्स आणि परचेसची नोटीस

नवरात्र सरत आलं की कारखान्यांच्या गेटवर पिशव्या घेऊन येणाऱ्या सप्लायरांची वर्दळ वाढते. त्याच सुमारास नोटीस बोर्डावर परिपत्रक लागतं, ‘कर्मचाऱ्यांनी पुरवठादारांकडून महागड्या भेटवस्तू स्वीकारू नयेत.’ आता महागडी म्हणजे किती, हे ठरवणार कोण? जो घेतो तोच. म्हणून अशा परिपत्रकाने काहीच थांबत नाही.

काही कंपन्या रकमेची मर्यादा घालतात. हजार रुपये म्हणा. पण सुकामेव्याच्या बॉक्सवर किंमत नसते, आणि वर्षातून चार वेळा नऊशेचं काहीतरी घेतलं तर नियम मोडतही नाही. खरं तर वस्तू केवढ्याची, यापेक्षा देणाऱ्याचं कुठलं काम आपल्या टेबलावर पडून आहे, हे महत्त्वाचं.

समजा, एक कारखाना दोन सप्लायरांकडून पुठ्ठ्याची खोकी घेतो. वर्षभराचा दर नोव्हेंबरात ठरायचा आहे. त्यातला एक जण दिवाळीला चार बॉक्स पाठवतो: परचेस ऑफिसरला, स्टोअरकीपरला, क्वालिटीच्या इन्स्पेक्टरला आणि बिलं पास करणाऱ्या क्लार्कला. सगळ्यांची नजर परचेसवर असते, पण माझ्या मते धोका उरलेल्या तिघांत जास्त आहे. गठ्ठे मोजून घेणारा स्टोअरवाला. कागद ठरल्यापेक्षा हलका आला तर माल परत पाठवणारा इन्स्पेक्टर. बिल आधी काढायचं की मागे ठेवायचं, हे बघणारा क्लार्क. त्यांच्याकडे कुणी काही मागत नाही. फक्त पुढच्या खेपेला खोकी थोडी दमट आली, की रिजेक्शनचा शिक्का मारताना हात अडखळतो. हे ओळखता येतं. एका सप्लायरचं रिजेक्शन अचानक जवळजवळ थांबतं, गिऱ्हाइकाकडून चेपलेल्या खोक्यांच्या तक्रारी मात्र येतच राहतात. दुसऱ्याचं बिल दोन महिने लटकतं, याचं पंधरा दिवसांत निघतं.

तेव्हा नोटीस अशी हवी: ‘ज्यांच्याकडून आपण माल किंवा सेवा घेतो, किंवा घेण्याची बोलणी चालू आहेत, त्यांच्याकडून कर्मचाऱ्याने किंवा घरच्यांनी काहीही घेऊ नये. हा नियम सर्व विभागांना लागू आहे. सूट फक्त त्यांच्या कंपनीचं नाव छापलेली डायरी, कॅलेंडर, साधं पेन आणि कामाच्या भेटीतला चहा-नाश्ता किंवा साधं जेवण यांना. कोटेशन मागवल्यापासून ऑर्डर निघेपर्यंत जेवणही नको. रोख रक्कम, गिफ्ट व्हाउचर, सोन्याचांदीची नाणी आली तर त्याच दिवशी परत करून साहेबांना लेखी कळवावं.’

‘घरच्यांनी’ हे मुद्दाम घातलं आहे, कारण बॉक्स बहुतेकदा कुरियरने घरीच जातो. मिठाई परत पाठवली तर वाटेतच खराब होईल. ती ऑफिसात आणावी, रजिस्टरमध्ये नोंदवावी, कँटीनमध्ये सगळ्यांना वाटावी, आणि देणाऱ्याला पत्र जावं की मिठाई सर्वांनी खाल्ली, पुढच्या वर्षी पाठवू नका. माल बघायला सप्लायरच्या कारखान्यात जायचं असेल, तर तिकीट आणि लॉज आपल्या कंपनीच्या खर्चाने. दुपारी त्यांच्या कँटीनमध्ये जेवलं तर बिघडत नाही. ‘एवढे आलात तर दोन दिवस महाबळेश्वर करून जा’ याला मात्र नकोच म्हणायचं.

अवघड गाठ लग्नाच्या आहेराची. मुलीच्या लग्नात सप्लायर पाकीट घेऊन आला, तर मांडवात ते नाकारायचं कसं? केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी 1964 पासून असलेल्या वर्तणूक नियमांत याचा विचार आहे. लग्नकार्यात रीतीप्रमाणे आहेर घेता येतो, पण तो जवळच्या नातेवाइकांकडून, किंवा ज्यांचं आपल्या ऑफिसात काम नाही अशा मित्रांकडून. ठरलेल्या किमतीपुढे गेला तर तोही सरकारला कळवायचा. याच नियमांत सहज घडलेलं जेवण किंवा गाडीतून सोडणं भेट धरत नाहीत, पण व्यवहार असलेल्या कंपन्यांचा थाटाचा किंवा वारंवार होणारा पाहुणचार टाळायला सांगितलं आहे. खाजगी कंपनीला हे नियम लागू नाहीत, उसने घ्यायला हरकत नाही. पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापणं हा सोपा मार्ग. तरीही पाकीट आलंच, तर लग्न उरकल्यावर ते परत करून रजिस्टरला नोंद करावी.

ही नोटीस नुसती बोर्डावर लावून भागत नाही. मॅनेजरच्या सहीने तीच सप्लायरांकडेही जायला हवी. लहान सप्लायर बॉक्स हौसेने वाटतो असं नाही. दुसरा देतो आणि आपण नाही दिलं तर बिल अडकेल, ही त्याची धास्ती असते. हातात पत्र असलं की त्याला कारण मिळतं. पत्र दसऱ्याच्या आधी जावं. नंतर गेलं तर सुकामेव्याची ऑर्डर देऊन झालेली असते, आणि तो म्हणतो, ‘या वर्षी राहू द्या साहेब, पुढच्या वेळी बघू.’