अंधारात उंच होणारा मूग

घटस्थापनेला पेरलेलं धान देवघराच्या कोपऱ्यात भराभर वाढतं, पण फिकट पिवळं का दिसतं? नवी मुंबईतल्या वर्गात वनस्पतींच्या वाढीचा पाठ या प्रश्नापासून सुरू करता येतो. अमेरिकेतल्या बीएससीएस संस्थेने 1980 च्या दशकात मांडलेल्या पाच टप्प्यांच्या अध्ययनचक्रातला हा पहिला टप्पा, कुतूहलाचा.

दुसरा शोधाचा. रात्रभर भिजवलेले मूग दोन वाट्यांत ओल्या कापसावर ठेवायचे. एक वाटी खिडकीत, दुसरी खोक्याखाली. "कुठला उंच होईल?" अंदाज आधी वहीत लिहून घ्यावा. आठवड्याने पट्टी लावली की खोक्यातला उंच निघतो! पाणी बेतानेच घालावं, नाहीतर इथल्या दमट हवेत बुरशी धरते. कुबट वास ही तिची खूण.

मग उलगडा. "अंधारात अन्न आलं कुठून?" इथे शिक्षकांनी उत्तराची घाई करू नये. सुरकुतलेल्या बीजदलांकडे मुलांचं लक्ष आपणहून जाऊ द्यावं. साठा तिथला, आणि उजेड गाठण्यासाठी रोप तो खोड लांबवण्यात खर्च करतं.

विस्तारात काही पिवळी रोपं उजेडात आणायची. "आता काय बदलेल?" एक-दोन दिवसांत पानं हिरवी होतात, लांबलेलं खोड मात्र आखूड होत नाही.

शेवटी मूल्यमापन : "उंच झालं म्हणजे वाढलं का?" अंधारातली रोपं पूर्ण वाळवून तोलली तर मूळ कोरड्या बियांपेक्षा हलकी भरतात, कारण श्वसनात साठा खर्ची पडलेला असतो. साध्या काट्यावर हा फरक दिसायला निदान शंभर रोपं लागतात.