पेन्शन 1,579 रुपये, आणि असरनंतरची पाऊण तास शिकवणी

जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात राबलेले एक चाचा आमच्या मोहल्ल्यात राहतात. 1996 ला लागले, 2013 ला 58 वर्षांचे होऊन निवृत्त झाले. त्यांना ईपीएस-95 ची पेन्शन मिळते. तिचा हिशेब साधा आहे: पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले 70. त्या काळी पगार कितीही असो, हिशेबात 6,500 च्या वर धरत नसत. म्हणून 6,500 गुणिले 17, भागिले 70, म्हणजे 1,579 रुपये. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. 2013 मध्ये जो आकडा होता, तोच आजही आहे. शेजारच्या बुलढाण्यातून या पेन्शनरांचं आंदोलन चाललंय, मागणी किमान 7,500 आणि महागाई भत्त्याची. पण शुगर-बीपीच्या गोळ्या तोवर थांबत नाहीत. चाचांना त्याच महिन्याला साडेसहाशेला पडतात.

आधी त्यांनी रात्रीची वॉचमनकी धरली. पैसे बरे होते, पण बारा तासांची ड्यूटी, जेवणाच्या वेळा उलट्यापालट्या. तीन महिन्यांत शुगर वाढली, पायाला सूज आली. औषधाचाच खर्च वाढला तर ती कमाई कसली?

चाचा सातवीपर्यंत उर्दू मीडियमला शिकलेले. आमच्या गल्लीत मराठी आणि सेमी-इंग्रजी शाळेत जाणारी मुलं भरपूर, त्यांना उर्दू वाचता येत नाही. मी शाळेत हेच काम करतो, म्हणून म्हटलं, चाचा, पाऊण तास मुलांना उर्दू वाचायला शिकवा. ते म्हणाले, "मला कुठं शिकवता येतं?" अडचण खरी होती. कायदा हातात घेऊन अलिफ-बे घोकून घेतलं की मुलं महिनाभर घोकतात, आणि अक्षरं जोडली की अडकतात. कारण उर्दूत बहुतेक अक्षरं जोडताना रूप बदलतात. मराठी शिकलेल्या पोराला ते नवंच असतं.

त्यावर उपाय असा की सुरुवात अलिफ, दाल, रे, ज़े, वाव यांच्यापासून करायची. ही अक्षरं पुढच्या अक्षराला जोडलीच जात नाहीत, म्हणून एवढ्यांनीच बनलेल्या शब्दात सुटी दिसतात. एवढ्यावर पोरगं पहिल्याच आठवड्यात 'दादा', 'दवा', 'दर्द', 'आज़ाद' वाचतं. (पहिले तीन शब्द चाचांच्याच घरातले, असं ते हसून म्हणतात.) मग बे, पे, ते, टे, से एकत्र घ्यायचे, कारण अंग एकच, फरक फक्त वरच्या-खालच्या खुणांचा. त्यानंतर जीम, चे, हे, खे. ज़ाल, ज़ाद, ज़ोय या सगळ्यांचा आवाज ज़ेसारखाच, म्हणून ते शेवटी, शब्दांसोबत ठेवायचे. नाहीतर मूल तिथंच कंटाळतं.

हिशेब करू. मुलं आठ, त्याहून जास्त नाही. फी दीडशे, म्हणजे कागदावर 1,200. पण दोन घरं दर महिन्याला पुढं ढकलतात, हातात येतात 900. मे महिना रिकामा, परीक्षा आणि रमजानमध्ये एक महिना जातो. दहा महिन्यांचे 9,000, त्यातून फळा, खडू, चटईचे सहाशे वजा. वर्षाचे 8,400, महिन्याला सरासरी 700. गोळ्यांचा खर्च निघतो, वर पन्नास उरतात. कमाई एवढीच आहे, हे आधीच समजून सुरू करावं. स्वतःच्या या कमाईनं त्यांच्या पेन्शनला धक्का लागत नाही. फक्त वर्षाला एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो.

तब्येतीची काळजी मात्र बारीक घ्यावी लागली. चाचा जमिनीवर बसत नाहीत, खुर्चीवर बसतात. आठही मुलांना एकदम म्हणायला लावलं तर त्यांनाही ओरडावं लागतं. म्हणून आता मोठी मुलगी वाचते आणि बाकीचे ऐकतात. सकाळी आवाज बसलेला असला की त्या दिवशी फक्त लिहायला द्यायचं. घाम सुटला, हात थरथरले तर शुगर कमी झाली समजून लगेच साखर खायची. त्यासाठी वाटीत साखर तिथंच असते. वेळ असर ते मगरिब, पण हिवाळ्यात मुलं शाळेतून येईतो सूर्य बुडायला आलेला असतो, तेव्हा मगरिबनंतर बसतात.

सगळ्यात जास्त त्रास फीचा झाला. चाचांना मागायला संकोच वाटायचा. आता दर एक तारखेला चाचीच दारात उभ्या राहून घेतात. दुसरं म्हणजे आई-बाप म्हणू लागले, गणितही बघा, होमवर्कही घ्या. मी चाचांना नको म्हणायला सांगितलं, कारण त्यात पाऊण तासाचे दोन तास होतात आणि फी दीडशेच राहते. एका बापाला राग आला, त्यानं मुलगा काढून घेतला. जागा पंधरा दिवसांत भरली.