तीन गावं आणि एक शंकू

समजा, अ, ब, क या तीन गावांसाठी एक गोदाम बांधायचं आहे. अ (0, 0) वर, ब त्याच्या पूर्वेला 6 किमीवर आणि क उत्तरेला 6 किमीवर. गोदामापासून तिन्ही गावांच्या अंतरांची बेरीज कमीत कमी हवी. हा प्रश्न सतराव्या शतकात फर्माने विचारला होता.

रस्ते फक्त पूर्व-पश्चिम आणि दक्षिण-उत्तर असतील, तर सगळी गणितं सरळ रेषांची होतात. हे झालं लिनिअर प्रोग्रॅमिंग. गोदाम थेट अ गावातच येतं. अंतरांऐवजी त्यांच्या वर्गांची बेरीज कमी करायची ठरवली, तर तो कॉन्व्हेक्स क्वाड्रॅटिक प्रोग्रॅम होतो आणि उत्तर येतं (2, 2). पण आपल्याला हवं आहे सरळ अंतर, आणि त्यात वर्गमूळ येतं. ते या दोन्ही साच्यांत थेट बसत नाही.

इथे सेकंड-ऑर्डर कोन प्रोग्रॅमिंग कामी येतं. प्रत्येक गावासाठी t ही नवी संख्या घ्यायची आणि √(u²+v²) ≤ t एवढी अट घालायची. U आणि v म्हणजे गोदाम त्या गावापासून पूर्वेला आणि उत्तरेला किती सरकलं आहे ते. ही अट पाळणारे सगळे बिंदू मिळून आइस्क्रीमच्या कोनासारखा भरीव शंकू होतो. मग तिन्ही t ची बेरीज कमी करायची. उत्तर साधारण (1.27, 1.27) येतं आणि बेरीज 11.59 किमी. (2, 2) वर ती 11.77 आणि अ गावात 12 भरते.

जुने दोन्ही प्रकार या साच्यात सामावतात. वर्गमुळाखालचं सगळं शून्य केलं की उरते 0 ≤ t, म्हणजे साधी रेषीय अट. वर्गाची अट u²+v² ≤ s अशी असते; तिच्यासाठी एक सुंदर युक्ती आहे. (s+1)² मधून (s−1)² वजा केलं की 4s उरतात, म्हणून तीच अट अशीही लिहिता येते:

√((2u)² + (2v)² + (s−1)²) ≤ s+1

(2, 2) पासून ब गाव आडवं 4 आणि उभं 2 किमीवर आहे, म्हणून s किमान 20 हवा. s = 20 घालून बघा: 64 + 16 + 361 = 441, त्याचं वर्गमूळ 21, आणि उजवीकडेही 21. वर्गाची अट शंकूच्या अटीत तंतोतंत उतरली.

या साच्याचा आणखी एक फायदा आहे. अ गावाचा कोन 120 अंश किंवा जास्त असता, तर उत्तर अ गावातच आलं असतं. तिथे अंतराच्या आलेखाला टोक येतं, त्यामुळे उतार मोजत पुढे जाणाऱ्या पद्धती अडखळतात. शंकूसाठीच्या इंटिरिअर-पॉइंट पद्धतींना मात्र त्या टोकाची अडचण होत नाही.

मर्यादा आहे ती दिशेची. ‘गोदाम गावापासून जास्तीत जास्त 5 किमीवर’ ही अट चालते. ‘किमान 5 किमी दूर’ म्हटलं की परवानगीच्या जागेत मधोमध भोक पडतं. दोन चालणाऱ्या जागा जोडणारी रेषा त्या भोकातून जाऊ शकते, आणि मग सापडलेलं उत्तर सर्वांत चांगलंच आहे, ही खात्री राहत नाही.