स्टेरॉइड अचानक थांबवलं की...

सांधेदुखीसाठी चार महिने रोज प्रेडनिसोलोन घेणाऱ्या बाईंना बरं वाटलं, म्हणून त्यांनी गोळी एकदम बंद केली. आठवडाभरात गळून गेल्यासारखं झालं, मळमळ सुरू झाली, उठताना चक्कर येऊ लागली.

मूत्रपिंडांवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथी कॉर्टिसॉल बनवतात, पण मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरीच्या हुकमावरून. तो हुकूम म्हणजे एसीटीएच हे संप्रेरक. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की पिट्युटरी हुकूम सोडणं थांबवते आणि काम नसलेल्या अ‍ॅड्रिनल आक्रसतात. पिट्युटरीत गाठ झाली तरी हेच घडू शकतं. हा झाला कॉर्टिसॉलच्या कमतरतेचा दुय्यम प्रकार.

प्राथमिक प्रकारात, म्हणजे अ‍ॅडिसनच्या आजारात, अ‍ॅड्रिनलच नष्ट होते. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक महत्त्वाचं कारण. तिथे एसीटीएच वाढतं; हिरड्या आणि तळहातांच्या रेषा काळवंडतात. मीठ राखणारं अल्डोस्टेरॉनही घटतं, म्हणून पोटॅशियम वाढतं.

या बाईंची त्वचा काळवंडलेली नव्हती, पोटॅशियमही ठीक होतं. पोटॅशियम ठीक राहिलं, कारण अल्डोस्टेरॉनवर मुख्य ताबा पिट्युटरीचा नाही, मूत्रपिंडांचा असतो. सकाळी आठच्या रक्तचाचणीत मात्र कॉर्टिसॉल आणि एसीटीएच दोन्ही कमी निघाले.

ग्रंथी पुन्हा जागी व्हायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून दीर्घकाळ घेतलेलं स्टेरॉइड डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळूच कमी करावं.