छोटी गोळी कशाला? टीबीच्या पेशंटच्या घरच्यांनी घ्यायचं औषध आणि बी-६

आजचा एपिसोड आमच्याच घरातला आहे. ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना बरं पडतं, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलण्यातली थोडी काटछाट केलीय, बाकी जसंच्या तसं.

आम्ही पोलादपूर तालुक्यातले. घाटाच्या पायथ्याची वाडी, आणि निम्मी तरणी पोरं मुंबईला. दादाही तिकडेच होता, गाववाल्या पाच जणांबरोबर एका खोलीत. फेब्रुवारीच्या शेवटी, शिमग्याच्या आधी तो घरी आला तेव्हा खोकत होता. मुंबईचं पाणी बाधलं असं सगळ्यांनी ठरवून टाकलं. तीन आठवड्यांनी ग्रामीण रुग्णालयात थुंकी दिली, सीबीनॅट मशीनवर तपासणी झाली आणि फुप्फुसाचा टीबी निघाला. त्याचे उपचार लगेच सुरू झाले, तो आता ठणठणीत आहे. त्यामुळे आजची गोष्ट दादाची नाही. त्याच्या मागे घरात जे पाच जण राहिले, त्यांची आहे.

चार दिवसांनी आशाताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "आता तुम्हा सगळ्यांना सहा महिने गोळी." काका उखडलेच. "अहो ताई, मला काय झालंय? आजारी तो, आणि गोळ्या मी खाऊ?"

काकांचा प्रश्न खरं तर बरोबर होता. उत्तर असं की टीबीचा जंतू शरीरात शिरला म्हणजे माणूस लगेच आजारी पडतोच असं नाही. बहुतेकांच्या शरीरात तो झोपून राहतो. खोकला नाही, ताप नाही, दुसऱ्याला लागणही नाही. अशा शंभरातल्या साधारण पाच ते दहा जणांना पुढे आयुष्यात कधीतरी टीबी होतो, आणि त्यातला मोठा धोका पहिल्या दोन वर्षांत असतो. पाच वर्षांखालच्या पोरांना तर तो जास्तच. या झोपलेल्या जंतूला झोपेतच मारायचं, म्हणून आयसोनियाझिड. आपल्याकडे पूर्वी हे औषध मुख्यतः पाच वर्षांखालच्या मुलांना आणि एचआयव्ही असलेल्यांना मिळायचं. जुलै २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये फुप्फुसाच्या टीबीच्या पेशंटबरोबर राहणारे मोठे लोकही आले. (तोच जुलै, ज्यात महाड पाण्याखाली गेलं आणि तळीयेवर दरड आली. आमच्या भागात तेव्हा सूचना वाचायला कोण बसलं असेल!)

'घरचे' म्हणजे रेशनकार्डावरचे, असं समजू नका. पेशंटचे उपचार सुरू होण्याआधीच्या तीन महिन्यांत जो त्याच्याबरोबर एका छपराखाली एक रात्र जरी झोपला, किंवा दिवसाचा बराच वेळ त्याच्यासोबत बंद जागेत होता, तो संपर्कातला. आता हिशोब करा. दादा आमच्यात तीन आठवडे होता, पण डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत मुंबईच्या खोलीत होता. म्हणजे आमच्याइतकेच, किंबहुना जास्त, संपर्कातले ते पाच जण. चाकरमान्यांच्या बाबतीत नेमकी हीच यादी अर्धी राहते. गावातला कर्मचारी गावातलं घर बघतो, मुंबईच्या खोलीबद्दल कोणी विचारत नाही. आम्ही पाचही नावं आणि खोलीचा पत्ता स्वतःहून दिला.

गोळी हातात पडण्याआधी एक पायरी आहे, ती सोडायची नाही. खोकला, ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं, या चारांपैकी काही आहे का ते विचारतात आणि छातीचा एक्स-रे काढतात. कारण पूर्ण टीबी झालेल्या माणसाला एकटं आयसोनियाझिड दिलं तर थोडे जंतू मरतात आणि जे टिकतात ते या औषधाला दाद न देणारे असतात. पुढे खऱ्या उपचारात तेच औषध फुकट जातं. आमच्या आईला दोन आठवडे खोकला होता, म्हणून तिची आधी थुंकी तपासली, एक्स-रे पाहिला, दोन्ही स्वच्छ आल्यावरच गोळी सुरू झाली. आणखी एक गोष्ट: पेशंटचा टीबीच जर आयसोनियाझिडला दाद न देणारा असेल, तर घरच्यांना ही गोळी देऊन उपयोग नाही, वेगळं औषध लागतं. म्हणून दादाचा तो रिपोर्टही बघितला गेला. काही ठिकाणी सहा महिन्यांऐवजी आठवड्यातून एकदा, असे बारा डोस देतात. त्यात आयसोनियाझिडबरोबर रिफापेंटिन असतं. आम्हाला रोजची गोळी मिळाली.

डोस वजनावर ठरतो. मोठ्यांना किलोमागे ५ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त ३००. व्यवहारात बहुतेक मोठ्या माणसांना रोज ३०० ची एक गोळी. लहान मुलांना किलोमागे १० च्या आसपास, कारण त्यांचं शरीर हे औषध लवकर संपवतं. आमची चार वर्षांची पुतणी १४ किलोची, म्हणजे साधारण १४०. तिला १०० च्या दीड गोळ्या पाण्यात विरघळवून.

आणि या सगळ्यांबरोबर एक छोटी गोळी होती. पायरिडॉक्सिन, म्हणजे बी-६ जीवनसत्त्व.

काकांनी ठरवलं, ही ताकदीची गोळी आहे. "मला काय ताकद कमी आहे काय?" मोठी गोळी ते इमानदारीत घ्यायचे आणि छोटी ठेवून द्यायचे. घरात कुणाला कळलं नाही. आणि त्यांनी आशाताईंपासून आणि डॉक्टरांपासून एक गोष्ट लपवली होती: रोज संध्याकाळची दारू.

एप्रिलमध्ये गोळ्या सुरू झाल्या. जूनच्या शेवटी लावणी आली. काका म्हणायला लागले, पाय जळतायत, मुंग्या येतायत. आमच्याकडे पावसात हे नवीन नाही, सगळे म्हणाले चिखल्या झाल्या. हळद-तेल लावलं. पण चिखल्यांमध्ये बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी होते, सोलते, खाजते. काकांची कातडी साफ होती. जळजळ दोन्ही तळव्यांत सारखी होती, बोटांच्या टोकांपासून सुरू झाली होती आणि रात्री वाढायची. चप्पल पायातून निसटली तरी समजेना, तेव्हा त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी कापूस फिरवला, कंप होणारा काटा हाडावर ठेवून विचारलं आणि मग पहिला प्रश्न केला: "छोटी गोळी घेता का?"

आता या छोट्या गोळीचं काम सांगतो. बी-६ आपल्या शरीरात एका कामकरी रूपात बदलतं, आणि नसांना निरोप पोचवण्यासाठी, त्यांची रसायनं बनवण्यासाठी ते लागतं. आयसोनियाझिडचा रेणू असा आहे की तो बी-६ ला जाऊन चिकटतो. चिकटलेली जोडी लघवीवाटे बाहेर जाते. शिवाय बी-६ ला कामकरी रूप देणाऱ्या एन्झाइमलाही तो अडवतो. म्हणजे तिजोरीतून पैसे जातातच, वर नवीन नोटा छापणंही थांबतं. शरीरातल्या सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जाणाऱ्या, म्हणून तुटवडा आधी तिथे जाणवतो. मग तळवे, नंतर हात.

पण हे सगळ्यांना का होत नाही? दोन कारणं. एक, आयसोनियाझिड निकामी करण्याचं काम काहींचं यकृत भरभर करतं आणि काहींचं संथ. हे जन्मजात असतं, बाहेरून ओळखू येत नाही, आणि भारतात संथ गटातले लोक भरपूर आहेत. त्यांच्या रक्तात औषध जास्त वेळ रेंगाळतं. दुसरं, ज्यांची तिजोरी आधीच रिकामी: कुपोषित, रोज दारू पिणारे, मधुमेही, किडनीचे रुग्ण, एचआयव्ही असलेले, गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया. आमच्या आजीला मधुमेह, काकांना दारू. एकाच घरात दोन.

मला आवडलेला भाग हा की आयसोनियाझिड जंतूला मारतं ते वेगळ्याच वाटेने, जंतूच्या भिंतीतली मेणासारखी चरबी बनणं थांबवून. त्यात आपल्या बी-६ चा काही संबंध नाही. म्हणून बी-६ भरून दिलं तरी औषधाची धार कायम राहते. हे आपल्या देशातही पाहिलं गेलं. मद्रासच्या क्षयरोग केमोथेरपी केंद्राने १९६३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मोठ्या डोसचं आयसोनियाझिड घेणाऱ्या रुग्णांना रोज फक्त ६ मिलीग्रॅम पायरिडॉक्सिन दिलं होतं, आणि तेवढ्याने नसांचा त्रास टळला. आज रोज १० ते २५ मिलीग्रॅमच्या दरम्यान देतात. म्हणून ती गोळी दिसायला छोटी. दुकानातली बी-कॉम्प्लेक्सची कॅप्सूल तिची जागा घेईलच असं नाही, पाकिटावर पायरिडॉक्सिन किती ते वाचा. आणि 'जास्त तितकं चांगलं' असं स्वतःच ठरवू नका. खूप मोठ्या डोसमध्ये बराच काळ घेतलं तर बी-६ स्वतःच नसांना इजा करतं.

काकांच्या रक्ताची लिव्हरची तपासणी झाली, ती नशिबाने ठीक आली. त्रास पावलांपुरताच होता, म्हणून डॉक्टरांनी आयसोनियाझिड चालू ठेवलं, पायरिडॉक्सिन रोज १०० मिलीग्रॅम केलं, दारू बंद करायला सांगितली आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं. "मुंग्या वर चढल्या किंवा हाताला आल्या, तर तेव्हाच या, मग औषध थांबवू." गौरी-गणपतीपर्यंत जळजळ गेली. उजव्या अंगठ्याचा बधिरपणा मात्र अजून थोडा आहे.

इथे एक गैरसमज काढायला हवा. बी-६ नसा वाचवतं, लिव्हर नाही. छोटी गोळी घेतोय म्हणजे सगळं सुरक्षित, असं होत नाही. जेवण नकोसं होणं, उलट्या, चहासारखी लघवी, डोळे पिवळे, यातलं काही दिसलं तर गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि दवाखाना गाठायचा. रोज पिणाऱ्या माणसाला हा धोका जास्त, म्हणून दारू लपवणं मुंग्यांपेक्षाही महागात पडलं असतं. फिट्सच्या गोळ्या चालू असतील तर तेही आधी सांगा, दोन्ही औषधं एकमेकांत ढवळाढवळ करतात.

आणि आपण कोकणातले, तर माशांचं सांगतोच. काही मासे नीट गार ठेवले नाहीत तर त्यांत हिस्टामिन तयार होतं. एरवी शरीर ते मोडून टाकतं, आयसोनियाझिड त्यात अडथळा आणतं. कुपा, बांगडा असे मासे खाल्ल्यावर चेहरा लालबुंद होणं, डोकं ठणकणं, छाती धडधडणं, असं झालेले रुग्ण श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलेत. मासे बंद करायचे नाहीत, ताजे खायचे. दुपारी उन्हात फिरलेल्या टोपलीतला बांगडा तेवढा सहा महिने राहू द्या.

डोस चुकला तर दुसऱ्या दिवशी डबल घ्यायचा नाही, नेहमीचा घ्यायचा आणि पुढे चालू ठेवायचं. आठवडाभर चुकले तर मात्र ताईंना सांगायचं. निक्षयचा मोफत नंबर १८००-११-६६६६ आहे.

आमच्या घरी सगळ्यांचे सहा महिने पूर्ण झाले, पुतणीचे सगळ्यात आधी, कारण तिला विरघळलेली गोळी चमच्याने ढवळायला आवडायची. मुंबईच्या खोलीतल्या पाचांपैकी चौघांची तपासणी होऊन गोळ्या सुरू झाल्या. पाचवा तोवर खोली बदलून गेला होता. त्याचा नवा नंबर दादा अजून शोधतोय.