ओळख करून देण्याआधीची मुलाखत

व्याख्यानमालेत पाहुण्यांची ओळख करून देणाऱ्याला दोन ते तीन मिनिटे मिळतात. सावकाश बोलणारा माणूस तेवढ्या वेळात अडीचशे ते तीनशे शब्द बोलतो. या शब्दांतून श्रोत्यांना तीन गोष्टी कळायला हव्यात: हा विषय आज इथे का, तो याच व्यक्तीकडून का ऐकायचा, आणि ही व्यक्ती माणूस म्हणून कशी आहे. पहिल्या गोष्टीचे उत्तर संयोजकांकडे असते. उरलेल्या दोन्हींची उत्तरे पाहुण्यांनी पाठवलेल्या माहितीपत्रकात क्वचितच सापडतात. तिथे पदव्या, पदे आणि पुरस्कार ओळीने लिहिलेले असतात. ती यादी वाचून दाखवली की सभागृह चुळबुळू लागते आणि निवेदक ‘यांची ओळख करून देण्याची गरजच नाही’ या वाक्याचा आधार घेतो. ही वेळ टाळायची असेल, तर पाहुण्यांशी आधी अर्धा तास नीट बोलून घ्यावे.

हे बोलणे कार्यक्रमाच्या चार ते आठ दिवस आधी, वेळ ठरवून, फोनवर किंवा प्रत्यक्ष व्हावे. पाहुण्यांना स्टेशनवरून आणताना गाडीत किंवा चहाच्या टेबलावर केलेली चौकशी कामाची ठरत नाही. प्रवासाने थकलेला पाहुणा मनात भाषणाची जुळवाजुळव करत असतो आणि मिळालेली माहिती तपासायला निवेदकाला वेळ उरत नाही. माहितीपत्रक फोन करण्यापूर्वीच वाचून झालेले असावे. ‘तुमचं शिक्षण कुठं झालं?’ असा, ज्याचे उत्तर हातातल्या कागदावर आहे असा प्रश्न विचारला की समोरच्याला कळते की आपला कागद कोणी वाचलेला नाही, आणि मग उत्तरेही कोरडी येऊ लागतात.

सर्वांत जास्त विचारला जाणारा आणि सर्वांत कमी कामाचा प्रश्न म्हणजे ‘तुमच्या कार्याविषयी थोडं सांगा.’ याला माणूस सारांशाने उत्तर देतो, कारण त्याच्याकडे सारांशच मागितलेला असतो. ‘बरीच वर्षं या क्षेत्रात आहे, लोकांचं खूप प्रेम मिळालं’ या उत्तरात सांगण्याजोगे काही नसते. गोष्ट हवी असेल तर एकच दिवस, एकच जागा, एकच माणूस विचारावा. पहिला दिवस, अंदाज चुकलेला दिवस, काम सोडून द्यावेसे वाटलेला दिवस, घरच्यांशी वाद झाला तो दिवस. असा प्रश्न ऐकल्यावर माणूस थोडा थांबतो. निवेदकाने ती शांतता मोडू नये. आठवण वर यायला पाच-सात सेकंद लागतात आणि फोनवर तेवढा वेळ फार मोठा वाटतो. घाईने पुढचा प्रश्न टाकला की आलेली गोष्ट परत जाते.

एक उदाहरण सविस्तर पाहू. समजा, एका तालुक्याच्या गावी उन्हाळी व्याख्यानमालेत सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले एक भूजलतज्ज्ञ ‘गावाच्या पाण्याचा हिशोब’ या विषयावर बोलणार आहेत. माहितीपत्रकात पदवी, नोकरीची वर्षे आणि दोन शोधनिबंध एवढेच आहे. निवेदिका शाळेत शिक्षिका आहे. तिने सुरुवातीला कामाविषयी मोघम विचारले, तेव्हा ‘हजारो विहिरींचं सर्वेक्षण केलं’ एवढेच उत्तर मिळाले. मग तिने प्रश्न बदलला.

‘सर, तुम्ही जागा दाखवलीत आणि पाणी लागलं नाही, असं कधी झालं का?’

थोड्या वेळाने उत्तर आले, ‘झालं ना. एका शेतकऱ्याला जागा दाखवली. पाणाड्यानं दुसरीच जागा सांगितली होती, पण त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. चाळीस फूट खणलं आणि खाली नुसता काळा पाषाण.’

पुढचे प्रश्न तिने या एका विहिरीवरच विचारले. तेव्हा तिथे कोण होते? शेतकरी काय म्हणाला? आणि सर्वांत महत्त्वाचे, ‘त्यानंतर तुमच्या कामात काय बदललं?’ या शेवटच्या प्रश्नावर सर खुलले. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थर एकावर एक बसलेले आहेत. पाणी साठते ते झिजलेल्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. अखंड पाषाणात जवळजवळ काहीच साठत नाही. कोणता थर किती खोल आहे, हे आसपासच्या जुन्या विहिरींच्या भिंतींवर उघडे दिसते. ‘तेव्हापासून,’ सर म्हणाले, ‘शेजारच्या विहिरींत डोकावल्याशिवाय मी जागा सांगत नाही. जमलं तर दोर बांधून खाली उतरतो.’ ही झाली वापरता येण्याजोगी गोष्ट. ती अर्ध्या मिनिटात सांगता येते, व्याख्यानाच्या विषयाला थेट भिडते, आणि माणसाचा स्वभाव विशेषणे न लावता दाखवते. चूक मान्य करणाऱ्या तज्ज्ञाचे श्रोते अधिक मनापासून ऐकतात, म्हणून असा प्रसंग दहा पुरस्कारांपेक्षा मोलाचा.

‘हजारो विहिरी’ मात्र तशाच उचलून चालत नाही. मोठा आकडा आला की तो कसा मोजला हे विचारावे. ‘एका वर्षात साधारण किती?’ या प्रश्नावर सरांनी सांगितले की ठरलेल्या निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजायची असे. जिल्ह्यात त्यांच्या वाट्याला साठ-सत्तर विहिरी होत्या आणि त्याच पुन्हा पुन्हा मोजल्या जात. म्हणजे मोजण्या हजारो, विहिरी साठ-सत्तर. खरा आकडा लहान निघाला, पण त्यातून आणखी चांगली गोष्ट हाती आली: एकाच विहिरीकडे माणूस पंचवीस वर्षे, वर्षातून चार वेळा जात राहिला. पातळी कशी मोजत, हेही तिने विचारले. धातूच्या टेपच्या टोकाकडच्या भागाला खडू फासून ती विहिरीत सोडायची आणि वर ओढल्यावर खडू कुठपर्यंत भिजला ते वाचायचे. सोडलेल्या लांबीतून भिजलेला भाग वजा केला की पाणी किती खोल आहे ते कळते. असा एखादा हाताने करायचा तपशील श्रोत्यांच्या डोळ्यांपुढे लगेच उभा राहतो.

सालाचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. माणसांना प्रसंग चांगले आठवतात, साल मात्र पुढेमागे होते. त्या विहिरीचे साल सरांनी ‘नव्वद-एक्याण्णव असेल’ असे सांगितले. निवेदिकेने विचारले, ‘किल्लारीच्या भूकंपाआधी की नंतर?’ उत्तर ताबडतोब आले: ‘नंतर. भूकंपानंतर मला लातूरकडे पाठवलं होतं. तिथून परत आल्यावरचा पहिला उन्हाळा.’ भूकंप 30 सप्टेंबर 1993 चा, म्हणजे विहीर 1994 ची. महाराष्ट्रात अशा खुणा पिढीप्रमाणे बदलतात. वयस्कांना 1967 चा कोयनेचा भूकंप आणि 1972 चा दुष्काळ आठवतो, तरुणांना 2005 च्या जुलैमधली मुंबईची अतिवृष्टी. लग्न, मुलाची दहावी, बदली या घरच्या खुणाही तितक्याच उपयोगी पडतात. एवढे करूनही साल पक्के होत नसेल, तर ‘नव्वदच्या दशकात’ म्हणावे. त्याने काही बिघडत नाही.

प्रश्नातच उत्तर घालणे हा या मुलाखतीतला सर्वांत घातक दोष. ‘तेव्हा गावकऱ्यांनी खूप विरोध केला असेल ना?’ असे विचारले की सौजन्यापोटी माणूस ‘हो, थोडा केला’ म्हणतो आणि ओळखीत न झालेला संघर्ष शिरतो. प्रश्नाच्या शब्दांनी आठवण किती सरकते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी 1974 मध्ये दाखवून दिले. मोटारींच्या टकरीच्या चित्रफिती पाहिलेल्या विद्यार्थ्यांना त्यांनी गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नात ‘एकमेकींवर जोरात आदळल्या’ असे म्हटले तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे 41 मैल आले, ‘एकमेकींना लागल्या’ म्हटले तेव्हा सुमारे 32. चित्रफिती त्याच होत्या. म्हणून ‘गावकरी काय म्हणाले?’ एवढेच विचारावे आणि विरोध झाला, स्वागत झाले की कोणी लक्षच दिले नाही, हे सांगणाऱ्यावर सोडावे.

संकोची पाहुणा ‘माझं काय एवढं’ म्हणून गप्प बसतो. त्याला स्वतःविषयी विचारण्याऐवजी इतरांविषयी विचारावे: ‘हे काम तुम्हाला कोणी शिकवलं? त्यांची कोणती सवय तुम्ही उचललीत?’ गुरूविषयी, जोडीदाराविषयी किंवा मदतनिसाविषयी बोलताना तोच माणूस मोकळा होतो आणि स्वतःविषयीही बरेच सांगून जातो. जुन्या सहकाऱ्याला फोन करूनही चांगले प्रसंग मिळतात, पण ते पाहुण्यांना सांगून, त्यांची संमती घेऊनच वापरावेत. आजारपण, घरातले मतभेद, सोडलेली नोकरी यांविषयी तर स्पष्ट विचारावे, ‘हे सभेत सांगितलं तर चालेल का?’ उत्तर देताना माणूस जरा जरी अडखळला, तरी तो नकार समजावा.

संभाषण संपवताना दोन प्रश्न न चुकता विचारावेत. पहिला, ‘तुम्ही भाषणात सांगणार आहात अशी कोणती गोष्ट मी सांगू नये?’ हा प्रश्न राहून गेला की निवेदक वक्त्याचा सर्वांत चांगला किस्सा आधीच सांगून टाकतो आणि वक्त्याला उभे राहिल्या राहिल्या भाषण बदलावे लागते. आपल्या उदाहरणात सरांनी चाळीस फुटांच्या विहिरीची गोष्ट स्वतःसाठी राखून ठेवली आणि खडूच्या टेपची गोष्ट निवेदिकेला दिली. दुसरा प्रश्न नावाचा आणि पदाचा: उच्चार कसा करायचा, आडनाव कसे लिहितात, ‘डॉक्टर’ लावायचे का, निवृत्तीच्या वेळचे पदनाम नेमके काय होते.

या अर्ध्या तासातून तयार झालेली ओळख अशी होती: ‘आपल्या जिल्ह्यातल्या साठ-सत्तर विहिरींना पंचवीस वर्षं एक पाहुणा वर्षातून चारदा भेटायला येत असे. हातात धातूची टेप, टेपच्या टोकाला खडू. खडू कुठपर्यंत भिजला ते पाहून तो वहीत एक आकडा लिहायचा आणि पुढच्या गावाला जायचा. आपल्या विहिरी कधी भरल्या, कधी आटल्या, याचा हिशोब आपल्यापेक्षा त्या वहीला जास्त माहीत आहे. तो हिशोब आज ते आपल्यापुढे मांडणार आहेत.’ त्यानंतर पदनाम आणि सगळ्यात शेवटी नाव. पदव्या आणि शोधनिबंध निमंत्रणपत्रिकेत छापलेले होतेच, म्हणून ते वगळले.

हा मजकूर पूर्ण वाचून दाखवण्याची गरज नसते. तसे केले की पाहुणे नम्रतेने चांगली वाक्ये खोडायला लावतात. नाव, पदनाम, साल, आकडे आणि गावांची नावे तेवढी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी फोनवर वाचून दाखवावीत आणि जे बदल सुचवले जातील ते लगेच कागदावर करून घ्यावेत.