कपाटाच्या किल्लीबरोबर काय द्यायचं?

सोसायटीत नवी कमिटी निवडून आली की पहिल्या बैठकीचा कार्यक्रम ठरलेला असतो. जुने सेक्रेटरी कपाटाच्या किल्ल्या, रबरी शिक्का, चेकबुकं आणि रजिस्टरांची चळत टेबलावर मांडतात, यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या होतात, चहा होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 च्या कलम 160 प्रमाणे मावळत्या अध्यक्षांनी कार्यभार, कागदपत्रं आणि मालमत्ता नव्या अध्यक्षांकडे सोपवायची असते. टाळाटाळ झाली तर निबंधक लेखी आदेश काढू शकतात. वस्तूंची सोय कायद्याने अशी लावून दिली आहे. पाच वर्षं जिन्यावर, गच्चीवर आणि बँकेच्या रांगेत उभं राहून जे कळलं, त्याची मात्र यादी होत नाही. ते सेक्रेटरींबरोबर घरी जातं.

चार्ज देतानाची चिठ्ठी दोन प्रकारे फसते. पहिला प्रकार एका ओळीचा: ‘सर्व कागदपत्रे कपाटात आहेत.’ यात हात झटकण्याची घाई दिसते, आणि निवडणुकीत तट पडले असतील तर थोडा सूडही. दुसरा प्रकार गोड असतो, म्हणून जास्त त्रासाचा. ‘काही लागलं तर मला विचारा, मी आहेच.’ ऐकायला किती बरं वाटतं! पण पाणी चढलं नाही तर त्यांना विचारायचं, लिफ्टवाल्याचा नंबर त्यांच्याकडे, वॉचमनही आधी त्यांच्याच दारात जातो. वर्षभराने लक्षात येतं की सेक्रेटरी बदलले, सत्ता काही बदललेली नाही.

बरी चिठ्ठी कशी असते? डोंबिवलीकडची सात मजल्यांची एक सोसायटी धरून चालू आणि एकट्या पंपाबद्दल काय लिहिता येईल ते पाहू. यादीत असतं: ‘पंप 2, चालू स्थितीत.’ चिठ्ठीत असं येईल:

‘पॅनेलचा स्विच ऑटोवर ठेवू नये. वरच्या टाकीतल्या सेन्सरची वायर गंजली आहे, टाकी भरली तरी पंप बंद होत नाही. वॉचमन सकाळी साडेपाचला हाताने चालू करतात, टाकी भरायला पाऊण तास लागतो. दहा मिनिटांत वरच्या टाकीत धार पडली नाही तर पंप लगेच बंद करावा. खालच्या टाकीतला फूट व्हॉल्व्ह पाणी धरत नाही, त्यामुळे पंपात हवा शिरते. वरचं झाकण उघडून पाणी भरलं की पंप पाणी उचलतो. कोरडा चालू राहिला तर सील जळतं, एकदा जळलं आहे. व्हॉल्व्ह बदलायचं कोटेशन फाइलमध्ये आहे. खालची टाकी रिकामी करावी लागणार म्हणून पुढे ढकललं.’

शेवटचं वाक्य मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. काम झालं नाही हे नव्या माणसाला दिसतंच, का झालं नाही ते दिसत नाही. कारण लिहिलेलं नसलं की तो दोनांपैकी एक काहीतरी धरून चालतो: आधीचे लोक आळशी होते, किंवा यात काहीतरी मोठी भानगड आहे. दोन्ही समजुती महागात पडतात. कारण लिहून ठेवलं तर टाकी धुवायची तारीख ठरेल त्याच दिवशी व्हॉल्व्हही बदलून घ्यावा, हे त्याचं त्यालाच सुचेल.

दुसरी गोष्ट हल्लीची आहे आणि कपाटात मावत नाही. वीजबिल, मालमत्ता कर, टीडीएसचं खातं, बँक, या सगळ्यांना सेक्रेटरींचा किंवा खजिनदारांचा मोबाइल नंबर जोडलेला असतो. चार्ज दिला तरी ओटीपी जुन्याच फोनवर येत राहतो. कंत्राटदाराच्या बिलातून कापलेला टीडीएस साधारणपणे पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत भरायचा असतो. त्या दिवशी जुने सेक्रेटरी मुलाकडे बंगळुरूला आणि त्यांचा फोन बंद, असं झालं की उशिराचं व्याज सोसायटीच्या माथी. म्हणून चिठ्ठीत कुठलं खातं कुणाच्या नंबरवर आहे, तो बदलायला काय लागतं आणि कोणता बदल अर्धवट राहिलाय, ते लिहावं. पासवर्ड मात्र त्यात नकोत. ते वेगळ्या बंद पाकिटात द्यावेत आणि नव्यांनी त्याच आठवड्यात बदलून टाकावेत.

सगळ्यांत अवघड भाग तोंडी शब्दांचा. एका सभासदाची मेंटेनन्सची थकबाकी आहे आणि त्याला व्याज माफ करून हवंय, असं समजा. जिन्यात गाठ पडली तेव्हा सेक्रेटरी ‘बघू या’ म्हणाले. त्या सभासदाने त्याचा अर्थ ‘झालं’ असा घेतला. नवी कमिटी वसुलीची नोटीस काढते, गृहस्थ भडकतात: ‘मला आधीच्यांनी शब्द दिलाय!’ खरं काय ते कुणालाच ठाऊक नसतं. चिठ्ठीत तीन वाक्यं पुरली असती: ‘व्याजमाफीचा अर्ज आला आहे. कमिटीने माफी दिलेली नाही. अर्ज सर्वसाधारण सभेपुढे ठेवतो, एवढंच मी म्हटलं होतं.’ खरोखरच शब्द दिला असेल तर तेही लिहावं, थोडं अडचणीचं वाटलं तरी. लपवलेला शब्द नव्या माणसाच्या अंगावर येतो आणि तो बिचारा खोटारडा ठरतो.

माणसांविषयी लिहिताना ज्याच्याबद्दल लिहिलं त्याने ते वाचलं तरी चालेल, एवढं पथ्य पाळावं. ही चिठ्ठी सोसायटीच्या फाइलमध्ये राहणार, आज ना उद्या कुणीतरी ती उघडणारच. ‘पाचव्या मजल्यावरचे गृहस्थ त्रासदायक आहेत’ हे वाक्य वाचून नवा सेक्रेटरी त्या दाराशी जाण्याआधीच कपाळाला आठी घालतो. त्याऐवजी ‘यांनी सभांच्या इतिवृत्तांच्या प्रती मागितल्या, दोन दिल्या, तिसरी राहिली’ असं लिहिलं की काय करायचं ते कळतं. आणि कित्येकदा त्रासदायक कोण होतं तेही! सभासदाला अशा काही कागदांच्या प्रती मागायचा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो काही आगाऊपणा नव्हे.

गळती हा तर प्रत्येक सोसायटीचा घरचा पाहुणा. आदर्श उपविधींप्रमाणे गच्चीतून किंवा बाहेरून होणारी गळती सोसायटीने दुरुस्त करायची आणि घरातल्या मोरी-संडासातली सभासदाने. भांडण होतं ते पाणी नेमकं कुठून येतंय यावरच. इथे मत आणि माहिती वेगळी ठेवणं फार उपयोगी पडतं. ‘छताला डाग आहे, पावसाळ्यात वाढतो, उन्हाळ्यात सुकतो’ ही माहिती. ‘गच्चीचंच पाणी असावं, पण वरच्या टाकीची गळतीही तपासून घ्या’ हे मत, आणि ते मत म्हणूनच लिहावं. वॉटरप्रूफिंगची हमी कधी संपते ती तारीख ठळक अक्षरात हवी, म्हणजे हमी असेतो ठेकेदाराला लेखी कळवता येतं. आपण घेतलेले निर्णय बदलायला नव्यांना मोकळीक आहे, हेही एका वाक्यात सांगून टाकलं तर बरं. नाहीतर जुन्या रंगाऱ्याऐवजी दुसरा बोलावला की दोन घरांत अबोला सुरू होतो.

हे सगळं दोन-तीन पानांत बसतं, पण शेवटच्या रात्री लिहून होत नाही. निकाल लागायच्या महिनाभर आधी लिहायला घेतलं तर मन शांत असतं आणि पुढे कोण येणार हे ठाऊक नसल्याने भाषाही सरळ राहते. मग दोघांनी ती हातात घेऊन गच्चीपासून पंपाच्या खोलीपर्यंत एक फेरी मारावी. कुठला व्हॉल्व्ह कुठल्या विंगचा, हे वाक्याने कळत नाही, तिथेच खडूने खूण करावी लागते.

आणि एक राहिलंच. बँकेत सह्या बदलायला ठराव आणि नव्या पदाधिकाऱ्यांचे केवायसीचे कागद द्यावे लागतात, त्यात दिवस जातात. तोवर जुन्यांच्या सहीशिवाय वॉचमनच्या पगाराचा चेकही निघत नाही. तेव्हा चिठ्ठीच्या खाली लिहावं: बदल होईपर्यंत मी संध्याकाळी सातनंतर घरी असेन, नव्या कमिटीने मंजूर केलेल्या बिलावर सही करेन आणि बिलाबद्दल माझं मत विचारल्याशिवाय सांगणार नाही.